जानेवारीच्या अंगणात गुलमोहर नको

रिकाम्या अंगणाच्या फोटोत फुलझाडं बसवून द्यायची, म्हणजे गिऱ्हाइकाला आपलं अंगण कसं दिसेल याचा अंदाज येतो. नर्सरीच्या कॅटलॉगसाठी हे काम मी करते. इथे लिहिलेलं बहुतेक सगळं मनोरीतल्या एका फोटोने शिकवलं. मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मनोरी. तिथल्या गावठाणातल्या एका घराचं अंगण, वाळूमिश्रित माती, समोर चुन्याने रंगवलेली कुंपणाची भिंत, डाव्या हाताला खुरचाफा, मधोमध एक सिमेंटचा खांब. फोटो जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातला, दुपारी साडेचारचा. नर्सरीच्या मालकांना त्यात गुलमोहर, मोगरा, शेवंती, तेरडा आणि बोगनवेल असं सगळं एकत्र फुललेलं हवं होतं.

१. फोटोला महिना असतो, आणि तो आपण झाड बसवायच्या आधीच ठरलेला असतो. या फोटोतला चाफा पार निष्पर्ण होता, नुसत्या बोटांसारख्या जाड फांद्या. भिंतीपलीकडे शेजारचा आंबा मोहराने पिवळसर झालेला. रस्त्यापलीकडच्या बदामाची निम्मी पानं लाल, आणि भिंतीच्या कडेचं गवत वाळून भुरं पडलेलं. मुंबईच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला एवढं पाहून तारीख विचारावी लागत नाही. त्या मोहरलेल्या आंब्याशेजारी लालभडक गुलमोहर उभा केला की चित्र तिथेच फसतं, कारण जानेवारीत गुलमोहराला लोंबत्या तपकिरी शेंगा असतात आणि त्याची फुलं एप्रिल संपताना दिसू लागतात. बघणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येईलच असं नाही, पण त्याचा चित्रावरचा विश्वास उडतो. म्हणून आता फोटो हातात आला की मी आधी त्यातली आहे ती झाडं वाचते. फाइलच्या माहितीत `Date taken` असतंच, पण कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावलेलं नसतं, तेव्हा चाफ्यावर आणि आंब्यावर माझा भरवसा जास्त. मालकांना मी दोनच रस्ते सांगितले: एक तर याच फोटोत हिवाळ्याची बाग करू, नाहीतर पावसाळ्याच्या पानासाठी जुलैत ढगाळ दिवशी पुन्हा फोटो काढू. निष्पर्ण चाफ्याला पानं चिकटवून पावसाळा आणता येत नाही. त्याची सावलीसुद्धा निष्पर्ण असते.

२. फूल कधी येतं हे पाठ करण्यापेक्षा का येतं हे कळलं की यादी आपोआप छाटली जाते. शेवंतीला लांब रात्र लागते. मुंबईत डिसेंबरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा, जूनचा सव्वातेरा तासांचा. दिवस आखडत गेला की शेवंती कळ्या धरते. नाताळात इथल्या दारोदारी दिसणारा पॉइन्सेटिया लाल होतो तोही याच कारणाने, आणि ती लाल ‘फुलं’ खरं तर पानंच असतात. बोगनवेलीचं गणित वेगळं. तिला कोरडं पडायला लागतं. पाणी कमी आणि ऊन भरपूर मिळालं की ती रंगते, आणि पावसाळ्यात पाणी मुबलक झालं की पानांचा पसारा वाढवून फुलं आखडते. मोगऱ्याला उष्मा हवा. जानेवारीत माळी त्याची छाटणी करतात, पाणी तोडतात, आणि मार्चनंतर तो कळ्यांनी लगडतो. म्हणजे जानेवारीच्या खऱ्या अंगणातला मोगरा म्हणजे चार काटक्या. तेरडा पावसाचा, गौरींबरोबर येणारा, दिवाळीच्या सुमारास संपून जाणारा. त्यामुळे मालकांच्या यादीतून गुलमोहर, मोगरा आणि तेरडा गेले. राहिल्या शेवंती आणि बोगनवेल. त्यांच्या जोडीला हिवाळी पेटुनिया, झेंडू आणि बाराही महिने फुलणारी सदाफुली व तगर आली. मालक आधी हिरमुसले. मग त्यांच्याकडच्या जुन्या माळीमामांनी यादी पाहिली आणि म्हणाले, “बरोबर आहे. मोगऱ्याला आत्ता फूल दाखवलंत तर लोक आत्ताच न्यायला येतील आणि महिनाभराने भांडायला.”

महिन्याची खात्री करायला दोन पुस्तकं मला कायम लागतात. एक थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा विसाव्या शतकाच्या आरंभीचा ग्रंथ, ज्यात झाडाच्या वर्णनाबरोबर फुला-फळांचे महिनेही दिलेले असतात. दुसरं दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’, ज्याची मांडणीच मराठी महिन्यांनुसार आहे. कुंडीतल्या परदेशी फुलांसाठी मात्र दोन्ही उपयोगाची नाहीत. तिथे माळीमामाच.

३. सगळ्यात जास्त बोलते ती सावली. आपण फुलांच्या रंगात गुंततो आणि डोळा मात्र सावलीवरून खरं-खोटं ठरवत असतो. मनोरीच्या फोटोतला खांब ३ फुटांचा होता आणि त्याची सावली साडेसहा फूट पडली होती. म्हणजे उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त, पूर्वेकडे आणि जराशी उत्तरेकडे झुकलेली. जानेवारीअखेर साडेचारला सूर्य क्षितिजापासून साधारण पंचवीस अंशांवर, पश्चिमेला थोडा दक्षिणेकडे असतो, त्याच्याशी हे जुळतं. आता या अंगणात बसवलेल्या प्रत्येक वस्तूची सावली त्याच दिशेने, त्याच पटीत पडली पाहिजे. दीड फुटी शेवंतीची सव्वातीन फूट. भिंतीपासून १ फुटावर ठेवलेल्या कुंडीची सावली जमिनीवर संपतच नाही, ती भिंतीच्या पायाशी मोडते आणि सात-आठ इंच वर चढते. ही मोड दाखवली की कुंडी भिंतीजवळ उभी राहते, नाही दाखवली तर ती तरंगत राहते.

सावली करताना मी तिचे दोन भाग करते. कुंडीच्या बुडाशी, जिथे ती मातीला टेकते तिथे, एक बारीक, गडद, कडक रेघ. आणि तिथून पुढे पसरणारी लांब सावली, जी टोकाकडे हळूहळू सैल होत जाते, कारण सूर्य हा ठिपका नाही, तबकडी आहे. सावली पाडणारी वस्तू मीटरभर दूर असेल तर कड साधारण सेंटिमीटरभर विरते. ही सावली मी वेगळ्या थरावर `Multiply` ठेवून देते, पण काळा रंग कधीच वापरत नाही. खांबाच्या सावलीतूनच रंग उचलते. उघड्या आकाशाखालची सावली निळसर असते, कारण ऊन अडलं तरी आकाशाचा उजेड तिथे पोचतोच. गडदपणाही खांबाइतकाच, रतीभरही जास्त नाही.

आणि मग तो चाफा. त्याच्या फांद्यांची जाळी अंगणभर पसरली होती. त्या जाळीत शेवंतीची कुंडी ठेवायची तर जमिनीवरच्या सावलीवर कुंडी चिकटवून भागत नाही. फांदीची सावली मातीवरून येते, कुंडीवर चढते, पानांवर तुटते आणि पलीकडे पुन्हा मातीवर उतरते. त्या पट्ट्यातलं फूल काळवंडायला हवं आणि शेजारचं उन्हात चमकायला हवं. या एका कुंडीला बाकीच्या बागेइतका वेळ गेला, आणि पुढे मालकांनी बोट ठेवून “ही खरीच होती ना?” असं विचारलं ते तिच्याचबद्दल.

सूर्याचं आणखी एक वागणं फार लोकांच्या ध्यानात नसतं. मुंबईत मेच्या मध्यावर भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे घराची जी उत्तरेची बाजू हिवाळाभर सावलीत असते, तिच्यावर त्या दिवसांत ऊन येतं. जानेवारीच्या फोटोत त्या बाजूला फुललेला पेटुनिया बसवणं खोटं ठरतं. तिथे नेचे, मनीप्लँट, अँथुरियम शोभतात आणि जगतातही.

४. झाड किती मोठं काढायचं हे नजरेवर सोडू नये, फोटोतच त्याची मोजपट्टी असते. मला हे कळलं तेव्हा फार हलकं वाटलं. सपाट जमिनीवर कॅमेरा जितक्या उंचीवर असेल, तितक्या उंचीची प्रत्येक वस्तू, जवळ असो की लांब, क्षितिजरेषेलाच टेकते. मनोरीचा फोटो छातीच्या उंचीवरून, साडेचार फुटांवरून घेतला होता. समुद्र भिंतीमागे लपलेला, पण भिंतीच्या कडा आणि ओट्याच्या फरशीच्या रेघा लांबवल्या की त्या जिथे मिळतात तिथे क्षितिज सापडतं. आता अंगणात जवळची एक जागा घेतली. तिथून क्षितिजापर्यंत ९०० पिक्सेल. म्हणजे त्या जागी साडेचार फूट बरोबर ९०० पिक्सेल, १ फूट बरोबर २००. कुंडीसकट दीड फुटी शेवंती तिथे ३०० पिक्सेलची. भिंतीलगतच्या जागेपासून क्षितिज ३६० पिक्सेलवर, म्हणून तीच शेवंती तिथे १२० पिक्सेलची. एवढं केलं की मागचा झेंडू पुढच्यापेक्षा मोठा दिसण्याचा प्रश्न येत नाही. जमीन उताराची असेल तर मात्र हे चालत नाही. मग शेजारी उंची ठाऊक असलेली एखादी वस्तू फोटोत हवीच, म्हणून मी फोटो काढणाऱ्याला आधीच सांगून ठेवते की कोपऱ्यात एक बादली राहू द्या.

५. हिरवा रंग एक नसतो. कॅटलॉगमध्ये हिरवं म्हटलं की सगळ्यांना पावसाने धुतलेलं, ओलं, काळपट हिरवं आठवतं, आणि जानेवारीच्या अंगणात ते हिरवं कुठेच नसतं. पानांवर धूळ असते, त्यामुळे रंग किंचित राखाडी. मनोरीत त्यात खारा वारा मिसळतो. नाजूक पानांची टोकं करपून तपकिरी होतात, आणि समुद्राकडच्या बाजूला पालवी विरळ असते. बोगनवेल, कण्हेर, नारळ हे सगळं सोसतात, म्हणून त्या भिंतीवर बोगनवेलच घेतली. गुलाबाला मी हात लावला नाही, आणि मालकांनीही आग्रह धरला नाही.

उजेड कुठून येतो यावरही हिरवा बदलतो. पानावर समोरून ऊन पडलं तर ते गडद दिसतं आणि वरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर आकाशाची पांढुरकी झाक येते. ऊन मागून आलं तर तेच पान पिवळसर पोपटी होऊन पेटतं, कारण आता आपण त्यातून गाळून आलेला उजेड बघतो. समोरच्या उन्हात टिपलेलं रोप मागून ऊन येणाऱ्या जागी बसवलं की कितीही रंग फिरवा, ते परकंच राहतं. `Hue` सरकवून पान पिवळं करता येतं, आतून पेटवता येत नाही. अशा वेळी रोपाचा फोटो पुन्हा काढणं हाच शहाणपणा.

६. म्हणून खरं काम नर्सरीतच होतं, संगणकावर फक्त जुळणी. रोपं त्याच नर्सरीची घ्यायची, विकायला ठेवली आहेत तीच. आणि त्यांचे फोटो अंगणाच्या फोटोच्या वेळेलाच, तितक्याच उंचीवरून, ऊन त्याच बाजूने घेऊन काढायचे. रोपामागे एक जण राखाडी कापड धरून उभा राहतो. पांढरं कापड धरलं तर पानांच्या कडांना पांढरी किनार राहते आणि `Defringe` करूनही पातळ पाकळ्यांची ती जात नाही. हिरवं कापड तर पानांसमोर बिनकामाचंच. मग `Layer Mask` लावून रोप सोडवायचं. खोडून टाकायचं नाही, झाकायचं, म्हणजे चुकून गेलेली देठं परत आणता येतात. शेवंतीच्या पाकळ्या सोडवणं सोपं, पेटुनियाची केसाळ, चिकट पानं अवघड. केसांची ती कड पूर्ण कापली की पान प्लास्टिकचं होतं.

इथे एक मोह होतो. एकच रोप उलटवून दुसरं तयार करायचं. पण उलटवलं की त्यावरचं ऊनही उलटतं. डावीकडून उजळलेली शेवंती उजवीकडून उजळते आणि शेजारच्या खांबाशी भांडते. मी प्रत्येक जातीची पाच-सहा वेगळी रोपं टिपायला लावते आणि मामांना सांगते की सगळी सजवलेली नकोत. एखादं अर्धं कळीत असावं, एखाद्याचं खालचं पान पिवळं असावं, एखादं फूल सुकून मान टाकलेलं असावं. खऱ्या वाफ्यात सगळी फुलं एका दिवशी उमलत नाहीत.

७. झाडापेक्षा झाडाखालची जमीन आधी पकडली जाते. रोप लावलं की माती उकरली जाते, आळं होतं, पाणी घातल्यावर ते काळं पडतं आणि कडेने कोरडं होत जातं. वाळूमिश्रित मातीत ते फार लवकर कोरडं होतं. बोगनवेलीखाली गळलेल्या राणी रंगाच्या कागदी पाकळ्या हव्यात, आणि त्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या नकोत. वारा त्यांना भिंतीच्या एका कोपऱ्यात लोटतो. मनोरीत दुपारचा वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो, म्हणून ढीग पूर्वेच्या कोपऱ्यात. भिंतीच्या कडेचं भुरं गवत मी तसंच ठेवलं. मालकांनी ते हिरवं करायला सांगितलं होतं. मी म्हटलं, रोज पाणी दिलं तर होईल हिरवं, पण मग पुढचा सगळा भाग हिरवळीचा दाखवावा लागेल, आणि आपण हिरवळ विकत नाही.

छपाईचं थोडक्यात. पडद्यावरचा बोगनवेलीचा राणी रंग आणि कोवळी पोपटी पानं चार रंगांच्या छपाईत निवतात. पडद्यावर भडक करून उपयोग नाही, छापखान्याचा नमुना हातात घेऊन रोपाशेजारी धरावा. बोगनवेल तिथेही थोडी फिकीच येते, आणि ते तसंच स्वीकारावं लागतं.

८. ऋतू जुळला तरी वर्ष चुकू शकतं. शेवंती, पेटुनिया, झेंडू पिशवीत फुललेलेच मिळतात. आज आणून ठेवले की बाग चित्रासारखी दिसते. पण भिंतभर पसरलेली बोगनवेल आज मिळत नाही. पिशवीतला वेल हात-दोन हातांचा असतो, आणि भिंत झाकायला त्याला बांधणी, छाटणी आणि निदान दोन-तीन पावसाळे लागतात. इंग्लंडमधले उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) जमीनमालकांना लाल चामड्याच्या बांधणीची वही देत. तिच्यात आजच्या जागेचं चित्र एका उघडझाप करणाऱ्या कागदावर असे. तो कागद उचलला की खाली नियोजित बाग. आज आणि उद्या एकाच पानावर, आणि कोणतं कोणतं याबद्दल शंका नाही. मला ती रीत फार आवडते. फुललेल्या बागेचं एकटं चित्र गिऱ्हाइकाला आजच्याच दिवसाचं वाटतं.

मनोरीच्या फोटोची म्हणूनच आम्ही दोन चित्रं केली. पहिल्यात बोगनवेल पिशवीतून नुकतीच काढून आळ्यात लावलेली, दोन फुटी, बांबूला बांधलेली, भिंत जवळपास उघडी. पुढे शेवंती आणि पेटुनियाच्या कुंड्या फुललेल्या. दुसऱ्यात तीच भिंत तिसऱ्या हिवाळ्यातली, वेलीने दोनतृतीयांश झाकलेली. सावल्या दोन्हीत सारख्याच, फक्त वेल भिंतीपासून पुढे आल्याने तिची स्वतःची सावली भिंतीवर पडलेली. खाली ओळ छापली: “फोटो मनोरी येथील अंगणाचा, जानेवारी. रोपे संगणकावर बसवली आहेत. डावीकडे लागवडीचा दिवस, उजवीकडे तिसरा हिवाळा. मोगरा मार्चनंतर विचारावा.” शेवटचं वाक्य मामांनी घालायला लावलं.